दंडावर वण नाही, मग लस लागली का?

[दृश्य: अंगणवाडीची खोली. कोपऱ्यात निळी लसपेटी, टेबलावर कार्डांचा गठ्ठा. बाळाचा रडण्याचा आवाज.]

बुधवारची सकाळ. लसीकरण सत्राला तीन पिढ्या आल्या आहेत: आजी, तिची सून आणि चौदा आठवड्यांचा नातू. आज त्याचा पेंटाव्हॅलंटचा तिसरा डोस आहे. आजीचं लक्ष मात्र भलतीकडेच आहे. ती बाळाचं झबलं वर सारते आणि डावा दंड सिस्टरसमोर धरते. "बघा की, काहीच उठलं नाही. जन्मल्यावर दिली म्हणतात, पण लागली कुठं?"

मग ती स्वतःची बाही वर करते. तिच्या दंडावर दोन गोल, खोलगट वण आहेत, लहानपणी देवी काढल्याचे.

आजीचा हिशेब तिच्या काळापुरता अगदी बरोबर आहे. देवीच्या लसीत टोचलेल्या जागी फोड यायलाच हवा होता. "देवी उठल्या नाहीत" म्हणजे लस लागली नाही, पुन्हा काढा, हा तेव्हा डॉक्टरांचाच नियम होता. देवीचा रोग गेला, ती लस बंद झाली, पण नियम घराघरांत राहिला आणि बीसीजी या क्षयाच्या लसीला येऊन चिकटला. बीसीजीला तो लागू होत नाही.

[दृश्य: गडद तपकिरी काचेची छोटी कुपी, जवळून.]

बीसीजी ही जिवंत लस. कामेत आणि गेरँ या दोन फ्रेंच संशोधकांनी गाईंना क्षय करणारा जंतू 1908 पासून 13 वर्षं प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून निस्तेज केला आणि 1921 मध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला दिला. त्याच जंतूचे वंशज या कुपीत कोरड्या पावडरीच्या रूपात आहेत. नवजात बाळाला यातलं 0.05 मिली देतात, म्हणजे पाण्याचा जेमतेम एक थेंब. महिना उलटलेल्या बाळाला 0.1 मिली.

हा थेंब कातडीच्या जाडीतच राहायला हवा. वरचा पापुद्रा आणि खालची चरबी यांच्या मधे. सुई जवळजवळ आडवी धरून सरकवतात. बरोबर जागी गेली तर दाबताना अडखळल्यासारखं जाणवतं आणि संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रं दिसणारी, पाचएक मिलिमीटरची फुगोटी येते. ती अर्ध्या तासात विरते. पुढचे दोन-तीन आठवडे दंडावर काहीच दिसत नाही. आठव्या दिवशी वण शोधणाऱ्या घरांनी हे ऐकून ठेवावं!

त्यानंतर तिथं लालसर पुळी येते. ती हळूहळू वाढते, कधी फुटते, थोडा पू येतो, खपली धरते, पुन्हा फुटते. साधारण तीन महिन्यांत सगळं सुकून छोटा खड्डा उरतो. या काळात हळद, पावडर, मलम यांतलं काहीही लावायचं नसतं आणि पुळी पिळायची नसते.

[दृश्य: सिस्टर कार्ड उलगडते.]

मग या बाळाच्या दंडावर का नाही? सिस्टर आधी माता व बाल संरक्षण कार्ड बघते. जन्म ग्रामीण रुग्णालयात. वजन 2 किलो 200 ग्रॅम. बीसीजी दुसऱ्या दिवशी, तारखेसह नोंद आहे.

वजन कमी, म्हणजे कातडी पातळ आणि दंडावर बोटात धरण्याइतकंही मांस नाही. अशा दंडात सुई केसभर खोल गेली तरी थेंब चरबीत उतरतो. जंतू शरीरात पोचतो, पण कातडीत पुळी धरत नाही. थेंबातला काही भाग बाहेर ओघळला असेल, असंही होऊ शकतं.

दुसरं कारण बाळाच्या आत आहे. वण सुईमुळे होत नाही. जंतूंशी झटणाऱ्या पेशी त्या जागी गोळा होतात, त्या झटापटीची ती खूण असते. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळात ही झटापट मंद असू शकते. काहींचा वण इतका बारीक असतो की तिरप्या उजेडात बघितल्याशिवाय सापडत नाही, आणि काहींचा पुढे पुसला जातो.

तिसरं कारण कुपीत. ऊन आणि उष्णता लागली की जंतू मरतात. काच गडद आहे ती त्यासाठीच. पावडरीत द्रावण मिसळल्यावर कुपी चार तासांच्या आत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. हे चुकलं तर मात्र खूण एका बाळावर दिसत नाही. त्या काळात तिथं लस घेतलेल्या बऱ्याच बाळांचे दंड कोरे निघतात. म्हणून सिस्टर त्याच रुग्णालयात जन्मलेल्या आणखी दोन बाळांचे दंड बघते. दोघांनाही वण आहे.

एकट्या बाळाचा दंड कोरा असेल तर त्यात लसीची चूक शोधण्यासारखं फारसं नसतं.

आता आजीचा खरा प्रश्न. "मग परत देऊन टाका की!"

द्यायची नाही. सरकारी लसीकरण कार्यक्रमात याचं उत्तर स्पष्ट आहे: लस दिल्याची नोंद असेल तर वण नसला तरी पुन्हा बीसीजी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये हेच सांगितलं, आणि वण नसणं म्हणजे संरक्षण नसणं नव्हे, असंही. त्यामुळे "आधी क्षयाची माँटू चाचणी करून बघू" या सल्ल्यालाही अर्थ उरत नाही. ती चाचणी निगेटिव्ह आली तरी दुसरा डोस द्यायचा नसतो.

दुसऱ्या डोसचा फायदा होतो का, हे लोकांनी तपासून पाहिलं आहे. ब्राझीलमध्ये साल्व्हादोर आणि मानाउस या शहरांत, जन्मतः बीसीजी घेतलेल्या शाळकरी मुलांना पुन्हा लस दिली. क्षयापासून म्हणावं असं जादा संरक्षण मिळालं नाही. आफ्रिकेत मलावीतल्या करोंगा जिल्ह्यातही क्षयाच्या बाबतीत तेच दिसलं. कुष्ठरोगापासून मात्र तिथं फायदा झाला, पण तो प्रश्न वेगळा. उलट दुसऱ्यांदा टोचल्यावर जखम लवकर आणि मोठी होऊ शकते.

एक बाजू सांगायला हवी. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये, वण असलेल्या लसवंत मुलांमध्ये मृत्यू कमी दिसले आहेत. म्हणजे वण अगदीच निरर्थक नाही, आणि सुई नीट टोचायला शिकवणं महत्त्वाचं आहेच. पण वण नसलेल्याला पुन्हा टोचावं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

कार्डच हरवलं असेल आणि वणही नसेल, तर गोष्ट बदलते. तिथं लस दिलीच नाही असं धरावं लागतं, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ती देता येते. म्हणून सिस्टर दंडाआधी कार्ड मागते.

आणि डॉक्टरांना दाखवायचं कधी? डाव्या काखेत गाठ वाढत चालली, मऊ पडली, किंवा दंडावरची जखम तीन महिन्यांनंतरही वाहत राहिली, तर.

[दृश्य: बाळाचा उजवा दंड. सिस्टरच्या हातात सिरिंज.]

पेंटाव्हॅलंट मांडीत दिलं. आता पोलिओची आयपीव्ही, तीही कातडीतच, उजव्या दंडावर. सुई आडवी सरकते. बाळ किंचाळतं. संत्र्याच्या सालीसारखी फुगोटी वर येते.

आजी वाकून बघते. "हां, ही लागली. आता इथं उठेल नं वण?"

"नाही आजी," सिस्टर कापूस टाकत म्हणते. "ही मेलेल्या विषाणूंची लस. हिचा वण कुणालाच उठत नाही."