कढईत कॉफी भाजताना कान उघडे ठेवा

नमस्कार मंडळी. घरी कॉफी भाजायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, गॅस किती ठेवायचा आणि किती मिनिटं. मिनिटं मी सांगीनच, पण तुमचा गॅस वेगळा, कढई वेगळी, त्यामुळे घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवा, आज मुख्य बोलायचंय ते बिया तडकण्याच्या आवाजाबद्दलच.

उदाहरण घेऊ चिकमगळूरच्या अरेबिकाचं, 200 ग्रॅम हिरव्या बिया आणि घरातली जाड लोखंडी कढई. नॉनस्टिक नको, रिकामं एवढं तापवणं त्याला चालत नाही. कढई मध्यम आचेवर चारपाच मिनिटं तापवायची, बिया टाकायच्या आणि तिथून झारा थांबवायचा नाही, कारण बी एका बाजूवर पडून राहिली की तिच्या सपाट पोटावर काळा डाग पडतो आणि आतून ती कच्चीच राहते.

हिरव्या बीत साधारण 10 ते 12 टक्के पाणी असतं. पहिली काही मिनिटं आच फक्त ते पाणी उडवण्यात जाते, ओल्या गवतासारखा वास येतो. मग बिया फिक्या होत पिवळ्या पडतात, वास भाजलेल्या पावाकडे झुकतो, आणि वरचं पातळ फोलपट सुटून उडायला लागतं. इथे लोक घाबरून गॅस एकदम बारीक करतात, ते करू नका, भाजणं रेंगाळलं की कॉफी दिसायला छान तपकिरी होते पण चवीला सपाट लागते, ना आंबटपणा ना गोडवा.

साधारण नवव्यादहाव्या मिनिटाला पहिला क्रॅक येतो. बीचं तापमान तेव्हा 200 अंशांच्या आसपास असतं, आत उरलेल्या पाण्याची वाफ आणि वायू कोंडून बी फुगते आणि तडकते. आवाज मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा, मोठा आणि सुटा सुटा, आधी एखाददुसरा आणि मग दणादण. एकट्यादुकट्या आवाजाला क्रॅक समजू नका, कढईत चारदोन बिया नेहमीच पुढे असतात, लागोपाठ आवाज यायला लागले की तिथून वेळ मोजायची. आणि आता आच थोडी कमी करायची, कारण या टप्प्यावर बिया स्वतःही उष्णता सोडायला लागतात आणि गाडी हातातून सुटते.

क्रॅक संपत आला की लाइट रोस्ट तयार. त्यानंतर थोडी शांतता असते, माझ्या मते घरी भाजणाऱ्याने थांबायची जागा हीच, शांततेत एकदीड मिनिट गेलं की मीडियम. पुढे गेलात तर 225 अंशांच्या आसपास दुसरा क्रॅक ऐकू येतो, हा आवाज बारीक, कोरडा आणि भराभर येणारा, यात बीचा सांगाडाच मोडायला लागतो. धूर निळसर आणि दाट होतो, तेल वर येऊन बी चमकते, आणि मग मळ्याची चव मागे पडून भाजल्याची कडू चव पुढे येते. डार्क हवी असेल तर दुसरा क्रॅक सुरू होताच उतरवा, तो जोरात येईपर्यंत थांबलात तर कोळशाकडे जायला फार वेळ लागत नाही.

ओव्हनमध्ये हेच सगळं 240-250 अंशांवर, जाळीच्या ट्रेवर एकच थर पसरून करता येतं, पण पंख्याच्या घरघरीत क्रॅक नीट ऐकू येत नाही आणि हलवायला दार उघडलं की उष्णता पडते, म्हणून मला कढईच आवडते. खिडकी दोन्हीकडे उघडी ठेवा, धूर होतोच, आणि फोलपटं गॅसवर पडून पेटू शकतात, भाजताना जागेवरून हलू नका.

आता गार करणं. गॅस बंद केला म्हणजे भाजणं थांबलं असं होत नाही, लोखंड तापलेलं असतं आणि बीच्या पोटातही आच असते, कढईतच ठेवलंत तर मीडियमची डार्क होते. म्हणून ज्या क्षणी थांबायचं ठरलं त्या क्षणी बिया मोठ्या स्टीलच्या चाळणीत ओता, टेबलफॅनसमोर एका चाळणीतून दुसरीत ओतत राहा, तीनचार मिनिटांत हाताला गार लागल्या पाहिजेत. फोलपटं याच वेळी उडून जातात, उरलेली सुपात पाखडली की झालं, पण हे गॅलरीत करा. फ्रीजमध्ये गार करायला ठेवू नका, ओल धरतात.

गार झाल्यावर वजन करा. 200 चे 170 ग्रॅम भरले म्हणजे 15 टक्के घट, हे मीडियमचं लक्षण, 160 भरले तर ती डार्क आहे, डोळ्यांना काहीही वाटो. लगेच घट्ट डब्यात कोंबू नका, कार्बन डायऑक्साइड निघत असतो, एक दिवस झाकण सैल ठेवा आणि मग दळा.