बाथरूम सुकल्यावर बघा

(रिकामं घर. उघडी कपाटं, खिडकीतून तिरपं येणारं ऊन.)

भाडेकरू सामान घेऊन गेले, की घर मोकळं होतं. स्वच्छ होत नाही. फ्रीज हलला, की त्यामागची चिकट काळी पट्टी दिसते. दोन भाडेकरूंच्या मधली सफाई असते ती अशाच जागांची: कपाटांचा माथा आणि आतली बाजू, पंख्याची पाती, सरकत्या खिडकीची खाच, मोरीच्या जाळीखालचा भाग. भिंतीची ओल, सुटलेल्या टाइल्स, उखडलेला रंग ही दुरुस्ती झाली. सफाईवाल्याकडून तिची अपेक्षा धरणं बरोबर नाही. म्हणून काम सुरू होण्याआधीच मी कोणत्या खोलीत काय काय करायचं, ते लिहून माझ्याकडे आणि सफाईवाल्याकडे ठेवते.

(बाथरूम. काचेवर पाण्याचे थेंब.)

हे मी चुकून शिकले. एकदा संध्याकाळी काम संपल्या संपल्या बाथरूम पाहिलं. नळ चकचकत होते, काच आरपार. पैसे देऊन टाकले. सकाळी त्याच काचेवर पांढरट ठिपके आणि नळाच्या बुडाशी पांढरं कडं! पाण्यातले क्षार साचून खडबडीत थर होतो. ओलं असताना पाणी त्या खळग्यांत भरून राहतं आणि थर डोळ्यांना दिसत नाही. पाणी सुकलं, की तो उघडा पडतो.

तेव्हापासून बाथरूम पूर्ण सुकल्यावरच बघते. टॉर्च काचेला लागून आडवी धरते आणि ठिपक्यांवरून बोट फिरवते. खरखरीत लागलं, तर क्षार राहिलाय. सौम्य आम्लाचा क्लीनर थोडा वेळ ठेवून तो निघतो. बोटाला गुळगुळीत, तरीही धुरकट दिसलं, तर बहुतेक काचच खराब झालेली असते. ती घासून परत येत नाही आणि त्याचा दोष सफाईवाल्याला देऊ नये. संगमरवरावर मात्र आम्ल नकोच, त्याने दगडाची चकाकी जाते. आणि आम्लाचा क्लीनर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. हे मी कामाआधी आवर्जून सांगते.

(स्वयंपाकघर. चिमणीची जाळी हातात.)

इथे पांढरा टिश्यू पुरतो. जाळीच्या कडेवर आणि कपाटाच्या माथ्यावर तो दाबून ओढायचा. पिवळट, चिकट डाग आला, तर वरवर पुसलंय. तेलकट थर गरम पाण्यात साबण घालून जाळी भिजत ठेवल्यावर सुटतो. लगेच घासली, तर तो नुसता पसरतो.

शेवटी खिडक्या बंद करून दोन-तीन तास घर तसंच ठेवते. दार उघडल्यावर पहिल्या श्वासाला मोरीचा वास आला, तर जाळी काढून आत बघते. सुगंधी फवारा मारलेला असेल, तर ही परीक्षा दुसऱ्या दिवशी. उरलेले पैसे त्यानंतर, सफाईवाला समोर असताना.