तिन्ही दिवे लागलेत, तरी फेज गेलाय

[दृश्य: सांगलीतलं रिवाइंडिंगचं दुकान. बाकावर उघडलेला स्टेटर, कॅमेरा अगदी जवळ.]

साडेसात एचपीची ही मोनोब्लॉक मोटार भिलवडीकडच्या नदीकाठावरून आलीय. आतल्या गोलाकडे नीट बघा. कॉइलचे सहा गठ्ठे आहेत. त्यातले चार अजून तांबूस, वार्निशची चमक असलेले. उरलेले दोन कोळशासारखे काळे, आणि तेही बरोबर समोरासमोर.

रिवाइंडिंगवाले मामा मीटर लावण्याआधीच निदान सांगतात.

[मामा, कॉइलवर बोट ठेवून: "ओव्हरलोडनं गेली असती तर सहाच्या सहा काळे झाले असते. एका जागी शॉर्ट झाली असती तर तिथंच खड्डा पडला असता. हितं दोनच गेल्यात, समोरासमोर. डेल्टाला असताना सिंगल फेजवर चालली ही."]

प्रत्येक फेजचे दोन गठ्ठे, म्हणजे तीन फेजचे सहा. दोन पोलच्या मोटारीत एका फेजचे गठ्ठे समोरासमोर बसतात. तेव्हा इथं एकाच फेजचं वाइंडिंग जळलंय आणि दोन शाबूत आहेत. मोटार स्टारला, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधून, जोडलेली असती तर हे चित्र उलटं दिसलं असतं: चार गठ्ठे काळे आणि दोन कोरे.

[दृश्य: मामा फरशीवर खडूनं त्रिकोण काढतात. कोपऱ्यांवर तीन फेजची अक्षरं: आर, वाय, बी.]

हा त्रिकोण म्हणजे डेल्टा. प्रत्येक बाजू एक वाइंडिंग, प्रत्येक कोपऱ्यात एक वायर. आता वाय पुसून टाका. आर आणि बी यांच्यामधल्या बाजूला अजूनही पूर्ण 415 व्होल्ट मिळतात. पण वायला टेकलेल्या दोन बाजू आता एकामागे एक अशा सिरीजमध्ये आल्या. येणाऱ्या करंटचे दोन वाटे सरळ बाजूनं जातात आणि एक वाटा त्या लांबच्या वाटेनं.

नदीतलं पाणी तेवढंच वर चढवायचं असतं. त्यामुळे उरलेल्या दोन वायरींमधला करंट साधारण पावणेदोन पट होतो. या मोटारीच्या पाटीवर 11 अँपिअर लिहिलंय, आणि ती एरवी दहाच्या आसपास घेते. तेव्हा प्रत्येक वाइंडिंगच्या वाट्याला सहाच्या आत-बाहेर येतात. वाय गेल्यावर आर आणि बी अठरावर जातात, आणि त्यातले बारा एकट्या आर-बी वाइंडिंगला सोसावे लागतात. करंट दुप्पट झाला की तांब्यात तयार होणारी उष्णता चौपट होते. बाकीच्या दोघी जवळपास नेहमीइतकाच करंट घेत असतात, म्हणून त्यांच्या वार्निशला काही होत नाही.

म्हणून काळा गठ्ठा कुठल्या दोन वायरींना जोडलाय ते बघायचं. तिसरी वायर, जी त्याला शिवत नाही, ती गेलेली. मात्र मोटार सोडवताना पेटीतल्या वायरींवर खुणा केलेल्या असल्या तरच हे जमतं. मामांना त्या खुणा क्वचितच सापडतात. या मोटारीला कुणीतरी रंगीत टेप गुंडाळली होती. उत्तर निघालं: वाय.

[दृश्य: कृष्णाकाठ. ऊस, पीव्हीसी पाइप, पत्र्याची पेटी, तीत स्टार्टर. लाल, पिवळा, निळा, तिन्ही दिवे चालू.]

वाइंडिंग भरून मोटार परत जागेवर बसली. पेटीही तीच आणि स्टार्टरही तोच.

[आवाज: हिरवं बटण. घूंऽऽऽ. निवेदन इथं थांबवावं, आवाज पूर्ण ऐकू द्यावा.]

[मिस्त्री: "बंद करा आण्णा, बंद करा!"]

हा आवाज लक्षात ठेवा. पाणी नाही, फिरणं नाही, फक्त जमिनीतून आल्यासारखी घुमघुम. एकाच फेजवर उभ्या मोटारीत फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयारच होत नाही. ते जागच्या जागी पुढं-मागं हेलकावतं आणि रोटरला कुठल्याच दिशेला ढकलत नाही. अशा वेळी मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढत नुसती उभी असते. पुन्हा पुन्हा बटण दाबून बघायला इथं वेळ नसतो, वाइंडिंग सेकंदांच्या हिशोबात तापत असतं.

पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा बटण दाबलं, आणि मोटार सुरळीत उचलली. पाणी आलं. मळ्याचे मालक हसले. मिस्त्री हसले नाहीत.

[दृश्य: पाइपातून पाणी. हळूच आवाज बदलतो.]

थोड्या वेळानं पाण्याची धार किंचित बारीक झाली आणि स्वर जाडा झाला. फिरती मोटार एक फेज गेल्यावर थांबत नाही. तिला वेग मिळालेला असतो, त्यावर ती कुरकुरत चालत राहते, आणि बरेचजण याच टप्प्यावर "पाणी येतंय ना" म्हणून घरी जातात. अंगाला हात लावून तेव्हा काही कळत नाही. आतलं तांबं काही मिनिटांत भाजतं, पण बाहेरचं ओतीव लोखंड तापायला बराच वेळ घेतं. हाताला चटका बसेपर्यंत वार्निशचा वास सुटलेला असतो.

[दृश्य: टेस्टर एकेका वायरीवर. तिन्ही ठिकाणी निऑन पेटतो.]

मालक म्हणाले, फेज तिन्ही आहेत, टेस्टर लागतोय की. खरं आहे, लागतोय. स्टार्टरवरचे तिन्ही दिवेही लागलेत. पण फिरती मोटार स्वतःच तुटलेल्या वायरीवर उलटं व्होल्टेज तयार करते, आणि ते टेस्टर पेटवण्याइतकंच नव्हे, मीटरवर बऱ्यापैकी आकडा दाखवण्याइतकं असतं. मोटार चालू असताना टेस्टरनं फेज शोधणं आम्हाला तरी भरवशाचं वाटत नाही. करंट मात्र उलटा तयार होऊन फसवत नाही.

[दृश्य: क्लॅम्प मीटरचा जबडा वायरीभोवती. आकडा मोठा दिसू द्यावा.]

आर, साडेअठरा. बी, 18.3. वाय, शून्य.

मिस्त्रींनी तिथंच लाल बटण दाबलं. आकडे वाचायला मिनिटभरही लागलं नव्हतं. थोडाफार फरक, म्हणजे दहा-साडेनऊ-अकरा असा, व्होल्टेज कमी-जास्त असल्यानंही येतो. पण एक वायर पूर्ण शून्य आणि दोन पावणेदोन पट, हे लक्षण सिंगल फेजिंगचंच.

आता वाय कुठं तुटलाय? डीपीपासून मोटारीपर्यंत वाटेत कुठंही असू शकतो. मिस्त्री वरून खाली येतात. मोटारीच्या तीन वायरी स्टार्टरमधून सोडवून बाजूला केल्या, कारण मोटार जोडलेली असेल तर तिच्या वाइंडिंगमधून व्होल्टेज पलीकडे जातं आणि गोंधळ होतो.

[दृश्य: दोन होल्डर, दोन सारखे बल्ब, सिरीजमध्ये जोडलेले. रबरी हातमोजे.]

हा सिरीज बल्ब. 240 व्होल्टचे दोन बल्ब एकामागे एक, म्हणून ते 415 सहज सोसतात. डिजिटल मीटर तुटक्या वायरीवरही साठ-ऐंशी व्होल्टचं भूत दाखवतो. बल्ब पेटायला मात्र खरा करंट लागतो.

मेन स्विचच्या वरच्या बाजूला आर-वाय, वाय-बी, बी-आर, तिन्ही वेळा लख्ख. किटकॅट फ्यूजच्या खालीही तिन्ही लख्ख. म्हणजे डीपी ठीक, लाइन ठीक, फ्यूज ठीक. मग हिरवं बटण दाबून कॉन्टॅक्टर, म्हणजे स्टार्टरमधला तिन्ही वायरी जोडणारा स्विच, ओढला आणि त्याच्या खालच्या टोकांवर बल्ब लावले. बी-आर लख्ख. आर-वाय अंधार. वाय-बी अंधार. दोन्ही अंधारांमध्ये सामाईक अक्षर वाय आहे, आणि तो कॉन्टॅक्टरच्या आतच तुटलाय.

[दृश्य: मेन स्विच बंद. कॉन्टॅक्टर उघडलेला. मधली टिप काळी, खड्डे पडलेली.]

बाजूच्या दोन टिपा सपाट आहेत. मधली ठिणग्यांनी खाल्लेली, कधी टेकते, कधी नाही. पहिल्या वेळी मोटार घुमली आणि दुसऱ्या वेळी उचलली, ती यामुळे. शिवाय स्टार्टरची कॉइल आर आणि बी यांच्यावर जोडलेली. वाय गेला तरी कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि स्टार्टर सुटत नाही.

पेटीत सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्रही होतं, चालू होतं, आणि ते बिघडलेलंही नव्हतं. पण हा प्रिव्हेंटर येणाऱ्या लाइनचं व्होल्टेज बघणारा. लाइनवर तिन्ही फेज असताना त्यानं काय करावं? तुटलं ते त्याच्या पुढं. बाजारात स्वस्तात मिळतो तो बहुतेक हाच, आणि दुकानदार "सिंगल फेजला चालतो" एवढंच सांगतो. करंट बघणारा प्रिव्हेंटर थोडा महाग पडतो, पण तो मोटारीकडे जाणाऱ्या वायरीच मोजतो. तुटलं कुठंही असलं तरी त्याला कळतं.

[दृश्य: ओव्हरलोड रिलेची छोटी चकती, 10 ते 16. काटा 16 वर.]

आणि हा रिले, करंट लावलेल्या आकड्याच्या वर राहिला की मोटार बंद करणारा. पाटीवर 11, चकतीवर 16. "सारखा ट्रिप व्हायचा म्हणून वाढवला," मालक सांगतात. ट्रिप का व्हायचा, ते आता दिसतंय. 11 वर असता तर साडेअठराला काही मिनिटांत सुटला असता. 16 वरच्या रिलेला साडेअठरा म्हणजे किरकोळ जादा वाटतं.

या सगळ्यात उसाची एक पाळी हुकली.

[दृश्य: रस्त्याकडेची डीपी, वर डीओ.]

एक नमुना वेगळा दिसतो, तोही सांगायला हवा. डीपीवरचा डीओ, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या बाजूचा फ्यूज, एकच पडला तर मोटारीकडे कुठलीच वायर शून्य होत नाही. एक फेज पूर्ण राहतो, दोन निम्म्यावर येतात, आणि ते निम्मे दोघं एकमेकांत मोजले तर जवळपास काहीच मिळत नाही. चालत्या मोटारीत एका वायरीला साधारण दुप्पट करंट आणि बाकीच्या दोन वायरींना त्याच्या निम्मा-निम्मा दिसतो. वस्तीवरचे काही दिवे मंद होतात, काही नेहमीसारखे. अशा वेळी पेटी उघडून उपयोग नाही. वायरमनला बोलवायचं, स्वतः डीपीवर चढायचं नाही.

[दृश्य: नवी टिप-किट. रिलेचा काटा 11 वर. करंटवाला प्रिव्हेंटर बसतोय.]

तिन्ही टिपा बदलल्या, फक्त मधली नाही. मोटार सुरू केली: 10.2, 10.4, 10.1.

मग मिस्त्रींनी मेन स्विच बंद करून वायची वायर स्टार्टरच्या खालून मुद्दाम सोडवली, टोकाला टेप गुंडाळली आणि पुन्हा बटण दाबलं. घूं असा आवाज आला, आणि तीन-चार सेकंदांत स्टार्टर आपोआप सुटला.

[मिस्त्री: "आता आर सोडून बघू. मग बी."]