ठिणग्या उडाल्या म्हणून मोटर गेली का?

(दृश्य : अंधारात चालू मिक्सर. तळाच्या फटींतून उजेड लपकतोय.)

हा मिक्सर चालता चालता अडखळतो, बंद पडतो. बाजूला चापट मारली की पुन्हा सुरू. चापटीने सुरू होतोय, याचा अर्थ आत कुठेतरी टेकायला हवं ते नीट टेकत नाहीये. संशय आधी कार्बनवर घ्यायचा.

मोटरच्या मधोमध फिरतं ते आर्मेचर. फिरणाऱ्या वस्तूला वायर जोडून ठेवता येत नाही, म्हणून वीज पोचवायला तिच्या कम्युटेटरवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागावर, दोन बाजूंनी कार्बन ब्रश टेकवलेले असतात. मागची स्प्रिंग त्यांना दाबून धरते. झिजायचं ते कार्बननेच, तांब्याने नाही, अशीच ही रचना आहे. कार्बन आखूड झाला की स्प्रिंगचा जोर कमी पडतो, ब्रश उडू लागतो, आणि त्या बारीकशा फटीत ठिणगी पेटते.

(दृश्य : प्लग काढलेला. मिक्सर उपडा. स्क्रू निघतात.)

हे पाहा. नवा कार्बन १५ मिलिमीटरचा, जुना जेमतेम ५ उरलाय, आणि त्याची कड जळून तुटलीय. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला की बदलायचाच. एकच झिजलेला दिसला तरी जोडी बदला, आणि त्याच मापाची. ब्रश ज्या खाचेत बसतो, त्या त्याच्या घरात तो अलगद सरकला पाहिजे. काजळीने अडकला, तर नवाही उडणारच.

आता कम्युटेटर हाताने फिरवून बघू. त्यावर एकसारखी तपकिरी झाक असेल तर ती चांगली, घासून काढू नका. इथे काळे डाग आहेत, म्हणून बारीक सँडपेपरची पट्टी हलक्या हाताने फिरवली. एमरी पेपर मात्र नको, त्याचे कण कम्युटेटरच्या पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करू शकतात. पट्ट्यांमधल्या खाचांतली काळी धूळ साफसफाईच्या ब्रशने झटकली.

(दृश्य : भांडं न लावता मिक्सर चालू.)

नव्या कार्बनचं तोंड सपाट आहे, कम्युटेटर गोल. म्हणून थोडा थोडा वेळ रिकामाच चालवायचा, म्हणजे तोंड गोलाईत बसतं. ठिणग्या बघा, किती कमी झाल्या. ब्रशखाली उरलेली ही बारीक निळसर चमक नेहमीची आहे.

पण ठिणग्यांचं कडंच कम्युटेटरभोवती फिरत असेल, एक-दोन पट्ट्याच जळून काळ्या पडल्या असतील, वार्निश जळाल्याचा वास येत असेल, तर दोष वाइंडिंगमध्ये, म्हणजे आर्मेचरवर गुंडाळलेल्या तारेत आहे. मीटर लावून शेजारशेजारच्या पट्ट्यांचा रेझिस्टन्स मोजत जा. सगळीकडे जवळपास सारखा यायला हवा. एखाद्या जोडीलाच आकडा एकदम वेगळा आला, तर आर्मेचर गेलं. नवे कार्बन घातले तरी ते थोड्याच दिवसांत खाऊन टाकेल. तेव्हासुद्धा आधी बाहेरची, न फिरणारी फील्ड कॉइल तपासा. ती चांगली असेल आणि त्या मॉडेलचं आर्मेचर सुटं मिळत असेल, तर तेवढंच बदलून भागतं.