आरापासून किती लांब

परभणीतलं एक स्वयंपाकघर. ओट्यावर दहा लिटरचा छोटा ओटीजी. वर दोन रॉड, खाली दोन रॉड, आणि मधली जागा जेमतेम वीतभर. काकूंनी ज्वारीच्या पिठाची, थोडी कणीक घातलेली तुपाची बिस्किटं लावली होती. पाककृतीत लिहिलं होतं तसंच, १८० अंश, वीस मिनिटं. बाराव्या मिनिटाला धूर आला.

"खालून करपलं अन् मधात कच्चंच राहिलं," काकू सांगतात.

पाककृतीची काही चूक नव्हती. ती मोठ्या ओव्हनसाठी होती. तिथे रॉड लांब असतात आणि पदार्थ मुख्यतः गरम हवेने भाजतो. इथे लाल रॉडची थेट धग लागते. चुलीपुढे भाकरी उभी करताना आपण ती आरापासून किती लांब ठेवायची हे बघतो ना, तोच हिशोब इथेही आहे. फरक एवढाच, की भाकरी हाताने मागे सरकवता येते.

म्हणून आधी ट्रे खालच्या खाचेतून काढून मधल्या खाचेत जाळीवर ठेवला. मग ट्रेच बदलला. ओव्हनबरोबर आलेला ट्रे काळा होता. काळा रंग धग ओढून घेतो आणि तळ लवकर करपतो. त्याऐवजी काकूंनी अॅल्युमिनियमची चकचकीत उथळ ताटली घेतली, तीही चारी बाजूंनी दोन बोटं जागा राहील एवढी लहान. ट्रे भिंतीला भिंत लावून बसला, तर खालची गरम हवा वर येतच नाही.

आता तापमान १६० अंश. रॉड लाल होऊन एकदा विझले, पुन्हा पेटून विझले, तेव्हा ताटली आत गेली. पहिल्यांदा रॉड विझले तरी भिंती पुरत्या तापलेल्या नसतात.

दहाव्या मिनिटापासून काकू काचेतूनच बघतात. दार उघडलं, की एवढ्याशा पेटीतली गरम हवा क्षणात बाहेर जाते आणि रॉड पुन्हा पेटून तळाला धग देतात. चौदाव्या मिनिटाला कडा बदामी झाल्या. मधला भाग बोटाला मऊच लागतो, पण इथे थांबायचं. तुपाची बिस्किटं गार झाल्यावरच कडक होतात. मऊ आहेत म्हणून आणखी ठेवली, तर कोरडी ठाक होतात.

संध्याकाळी मात्र हीच चौदा मिनिटं पुरली नाहीत. व्होल्टेज उतरलं होतं. २३० चं २०० झालं, तर रॉडची ताकद जवळपास पाव हिश्श्याने घटते. ओव्हन तापायलाच उशीर लागतो, आणि दार उघडून गेलेली उष्णता भरून यायलाही.

पिठाच्या डब्याच्या झाकणावर काकूंनी खडूने लिहून ठेवलंय: दुपारी १४, रात्री १७.