ओव्हरड्राफ्टचं व्याज वहीवर ताडून पाहताना

नमस्कार श्रोतेहो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा, थोडे आकडे मांडायचे आहेत.

आपल्या सोलापुरात टॉवेल-चादरीचा छोटा कारखाना चालवायचा तर सूत आधी घ्यावं लागतं आणि मालाचे पैसे मागाहून येतात. मधला काळ ओव्हरड्राफ्टवर निघतो. महिनाअखेरीला स्टेटमेंटमध्ये एक ओळ येते, 'व्याज नावे', आणि बहुतेक जण ती तशीच मान्य करतात. मी कारखानदारांची हिशेबाची कामं करतो. ही ओळ ताडून पाहायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

आधी बँक काय करते ते पाहू. रोज व्यवहार संपल्यावर खात्यात जी बाकी नावे असते, तिच्यावर त्या एका दिवसाचं व्याज धरलं जातं. अशी महिन्याभराची बेरीज शेवटी एकदम खात्यात टाकली जाते. एका दिवसाचा दर काढायचा तर वार्षिक टक्क्यांना 36,500 नं भागायचं. दर 10.95 टक्के असेल, तर एका लाखाला रोजचे बरोबर 30 रुपये पडतात. तुमचा दर मंजुरीपत्रात असतो. तो मधेच बदलला असेल, तर महिन्याचे त्या तारखेला दोन तुकडे करून मोजा.

आता अक्कलकोट रोडवरच्या एका कारखानदाराचं जून महिन्याचं खातं घेऊ. दर हाच, 10.95. एक तारखेला नावे बाकी 3 लाख. सहा तारखेला सुताचे 1 लाख 20 हजार गेले, बाकी 4 लाख 20 हजार झाली. सोळा तारखेला व्यापाऱ्याचा 2 लाखांचा चेक जमा झाला, बाकी 2 लाख 20 हजारांवर आली. पंचवीसला मजुरीचे 60 हजार काढले, बाकी 2 लाख 80 हजार. पुढे तीसपर्यंत काही व्यवहार नाही.

प्रत्येक बाकी किती दिवस टिकली, त्यानं तिला गुणायचं. पहिली पाच दिवस, म्हणजे 15 लाख. दुसरी दहा दिवस, 42 लाख. तिसरी नऊ दिवस, 19 लाख 80 हजार. चौथी सहा दिवस, 16 लाख 80 हजार. दिवसांची बेरीज तीस आली की एकही दिवस सुटलेला नाही. रविवार आणि सुट्ट्याही यात धरलेल्या असतात. या गुणाकारांची बेरीज 93 लाख 60 हजार. लाखाला 30 रुपयांनी व्याज झालं 2,808 रुपये.

बँकेनं लावले होते 2,868. साठ रुपये जास्त.

इथे थांबायचं नाही, कारण हा फरकच चूक कुठे आहे ते दाखवतो. हिशेब उलटा करा. लाखाला रोज 30, तर 60 रुपये म्हणजे 2 लाखांचं एका दिवसाचं व्याज. आणि 2 लाखांची नोंद खात्यात एकच होती, सोळा तारखेचा चेक. स्टेटमेंटमध्ये व्यवहाराच्या तारखेशेजारी व्हॅल्यू डेटचा रकाना होता. तिथे सतरा तारीख होती. चेक सोळाला खात्यात दिसला, पण पैसे प्रत्यक्षात सतराला वटले, आणि व्याज व्हॅल्यू डेटप्रमाणे लागतं. म्हणजे इथे बँकेचा हिशेब बरोबर होता, आमचाच दिवस चुकला होता. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर सतत वटवले जातात, त्यामुळे असा फरक आता कमी दिसायला हवा. पण एनईएफटीनं किंवा आरटीजीएसनं आलेल्या रकमेवर व्हॅल्यू डेट पुढची दिसली, तर शाखेत जाऊन जरूर विचारा.

मोजताना आपल्याही हातून काही चुका होतात. एकाच दिवशी चार व्यवहार असतील, तर त्या दिवसाची शेवटची बाकीच धरायची, मधली नाही. एखाद्या दिवशी खातं जमेत गेलं, तर त्या दिवसाचा गुणाकार शून्य. जमेची रक्कम वजा करायची नाही. आणि सगळ्यांत जास्त फसवते ती तीस तारीख. त्या दिवशी व्याजाची नोंद पडल्यावर शेवटची बाकी 2 लाख 82 हजार 868 दिसते. जूनसाठी ती धरली तर व्याजावरच व्याज मोजलं जाईल. जूनचा शेवटचा दिवस 2 लाख 80 हजारांनीच मोजायचा.

मात्र फरक असा उलटा करूनही कोणत्याच नोंदीशी जुळला नाही, तर शाखेला लेखी पत्र देऊन त्या महिन्याचा दिवसवार व्याजाचा तक्ता मागा. सोबत आपला कागद जोडा. तक्ता हाती आला की तारखेसमोर तारीख ठेवून ज्या दिवशी बाकी वेगळी दिसेल तिथे बोट ठेवा, आणि जुलैचा हिशेब 2 लाख 82 हजार 868 पासून सुरू करा.