बॅकटेस्टमध्ये एका बारचा फरक: कॉलमचा हिशेब आणि घटनांची रांग

आजचा विषय एका प्रश्नापासून सुरू करतो. तुमच्या बॅकटेस्टमध्ये एखादा सौदा दिसतो, तेव्हा तीन वेळा तुम्हाला वेगवेगळ्या सांगता येतात का? निर्णय कधी झाला, ऑर्डर कधी गेली आणि ती कधी भरली गेली? प्रत्यक्ष बाजारात या तीन वेळा कधीच एक नसतात. व्हेक्टराइज्ड बॅकटेस्टमध्ये मात्र त्या सहज एकाच ओळीत येऊन बसतात आणि पुढचा बहुतेक घोटाळा तिथूनच सुरू होतो.

व्हेक्टराइज्ड पद्धतीत सगळा इतिहास एका तक्त्यात असतो. बंद भावाचा एक कॉलम, सिग्नलचा एक कॉलम, परताव्याचा एक कॉलम. शेवटी दोन कॉलमचा गुणाकार होतो:

```python
ret = pos.shift(1) * close.pct_change()
```

यातला `shift(1)` विसरला, तर ज्या बारच्या बंद भावावरून सिग्नल निघाला त्याच बारचा परतावा आपल्या खात्यात जमा होतो. ही चूक बहुतेकांना माहीत असते. पण `shift(1)` लिहूनही एक गृहीतक शिल्लक राहतं, आणि त्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. या ओळीचा अर्थ असा होतो की सिग्नल देणाऱ्या बंद भावालाच आपली खरेदी झाली. तो भाव कळला तेव्हा बार संपलेला होता. त्यानंतर निघालेली ऑर्डर त्या भावाला भरली जाईल याची खात्री कोण देणार?

आकडे घेऊन पाहू. पाच मिनिटांचे बार आहेत. नियम साधा आहे: बंद भाव मागच्या 20 बारच्या उच्चांकाच्या वर गेला की खरेदी, आणि खरेदीच्या भावाखाली 2 टक्क्यांवर स्टॉप-लॉस. मागच्या 20 बारचा उच्चांक 100 धरा. पहिला बार 100.50 ला बंद होतो, सिग्नल मिळतो. दुसरा बार 100.80 ला उघडतो, 101.20 पर्यंत जातो, खाली 98.60 ला येतो आणि 99.40 ला बंद होतो. तिसरा बार 102.00 ला बंद होतो.

कॉलमच्या हिशेबात खरेदी 100.50 ला झाली, म्हणजे स्टॉप 98.49 ला. दुसऱ्या बारचा नीचांक 98.60, म्हणून स्टॉप उडाला नाही. तिसऱ्या बारअखेर दीड अंकाचा नफा दिसतो आणि सौदा चालूच आहे.

आता घटनाक्रमाने चला. पहिला बार बंद झाल्यावर ऑर्डर गेली, ती दुसऱ्या बारच्या उघडत्या भावाला, 100.80 ला भरली. स्टॉप 98.78 ला लागला. त्याच बारमध्ये भाव 98.60 पर्यंत आला, स्टॉप उडाला आणि 2.02 अंकांचा तोटा घेऊन आपण बाहेर पडलो. तिसरा बार 102.00 ला, म्हणजे 101.20 या नव्या उच्चांकाच्या वर बंद झाला. म्हणून पुन्हा सिग्नल आणि पुढच्या बारला, समजा 102.30 ला, पुन्हा खरेदी. नवा स्टॉप आला 100.25 ला. पुढे भाव 100 पर्यंत घसरला, तर इथे दुसराही तोटा नोंदला जाईल, आणि कॉलमच्या हिशेबात मात्र पहिलाच सौदा शांतपणे चालू राहील.

भरणीच्या भावातला फरक फक्त 0.30 अंकाचा होता. त्यामुळे परतावा 0.30 अंकाने कमी झाला असता, तर सरासरी खर्च वजा करून भागलं असतं. इथे पुढचे सगळे सौदेच बदलले. म्हणून ‘शेवटी थोडं स्लिपेज वजा करू’ हा उपाय या प्रकारच्या नियमांना पुरत नाही.

कॉलमचा हिशेब दुरुस्त करता येणार नाही का? उघडत्या भावाने खरेदी धरणं सोपं आहे. अडचण स्टॉपची आहे. या ओळीत आपण सौद्यात आहोत की नाही हे मागच्या ओळीत काय घडलं त्यावर ठरतं, आणि तिथलं त्याच्या मागच्या ओळीवर. अशी साखळी कॉलमच्या गुणाकारात बसत नाही. शेवटी ओळीमागून ओळ चालणारा लूप लिहावाच लागतो. तो लिहिला की तुम्ही इव्हेंट-ड्रिव्हन रचनेच्या वाटेवर आलाच, फक्त नीट विभागणी न करता.

नीट विभागणी केलेला गाभा इतका छोटा असतो:

```python
for bar in feed:
    while fills := broker.match(bar):
        for f in fills:
            portfolio.apply(f)
            strategy.on_fill(f)
    strategy.on_bar(bar)
```

यातला क्रम महत्त्वाचा आहे. बार आला की आधी प्रलंबित ऑर्डर जुळवायच्या, मगच स्ट्रॅटेजीला तो बार दाखवायचा. म्हणजे `on_bar` मधून निघालेली ऑर्डर लवकरात लवकर पुढच्याच बारला भरेल. `while` सुद्धा मुद्दाम आहे. खरेदी भरली की `on_fill` स्टॉप लावतो, आणि तो स्टॉप त्याच बारवर पुन्हा तपासला जातो. इथे एकदाच `match` केलं असतं, तर आपल्या उदाहरणातला दुसऱ्या बारमधला स्टॉप निसटला असता. स्टॉपच्या भरणीतही एक नियम पाळायचा: बारच स्टॉपच्या खाली उघडला, तर विक्री उघडत्या भावाला धरायची. स्टॉप 98.78 आणि बार उघडला 95 ला, तर विक्री 95 ला.

प्रत्यक्ष व्यवहाराशी साम्य येतं ते इथूनच. लाइव्ह चालवताना `strategy` मधली एकही ओळ बदलायची नसते. `feed` च्या जागी थेट येणारा डेटा आणि `broker` च्या जागी खऱ्या ब्रोकरशी बोलणारा भाग बसवायचा. ऑर्डर पाठवली म्हणजे सौदा झाला, असं स्ट्रॅटेजीने कधीच धरायचं नाही. तिला भरणीची खबर आली तरच तिची स्थिती बदलते. 1000 च्या ऑर्डरपैकी 600 भरले तर स्टॉप 600 चाच लागला पाहिजे, आणि ऑर्डर नाकारली गेली तर स्टॉप लागताच कामा नये. नकली `broker` कडून अशा अर्धवट भरण्या मुद्दाम करवून घ्या. `on_fill` मधल्या चुका तिथेच बाहेर पडतात.

ही रचनाही सगळं जाणत नाही. आपल्या उदाहरणात खरेदी उघडत्या भावाला होती, म्हणून नीचांक त्यानंतरचाच हे नक्की होतं. खरेदी बारच्या मध्ये कुठे तरी झाली असती, तर नीचांक आधी आला की नंतर हे चार भावांवरून कळत नाही. तिथे एक मिनिटाचा डेटा घ्यावा किंवा स्वतःच्या विरुद्धचा क्रम धरावा. बारवर छापलेली वेळ सुरुवातीची आहे की शेवटची, हेही आधी तपासा. 10:15 चा बार 10:20 ला पूर्ण होत असेल आणि इंजिन तो 10:15 लाच देत असेल, तर पाच मिनिटांचं भविष्य याही रचनेत शिरतं.

वेगाची किंमत मोजावी लागते, हे खरं. शेकडो पॅरामीटर चाळायचे असतील तर व्हेक्टराइज्ड पद्धतच वापरावी. उरलेले मोजके पर्याय या लूपमधून न्यावेत. पण स्टॉप, टप्प्याटप्प्याने खरेदी किंवा शिल्लक रकमेवर ठरणारा आकार असेल, तर चाळणीच्या निकालावर मी विसंबणार नाही, कारण ती चाळणी चांगले पर्यायही आधीच गाळून टाकू शकते.

साम्य खरंच आहे का, हे तपासण्याची पद्धत सरळ आहे. लाइव्ह चालू असताना आलेला प्रत्येक बार, तो हाती पडल्याच्या वेळेसह, जसाच्या तसा साठवा. दिवस संपल्यावर तोच साठा बॅकटेस्टच्या लूपमधून चालवा आणि दोन्ही ऑर्डर-नोंदी ओळीला ओळ लावून पाहा: वेळ, बाजू, संख्या, ऑर्डरचा प्रकार. भरणीचे भाव थोडे वेगळे येतील. पण भरण्या सारख्या असेपर्यंत ऑर्डर तंतोतंत जुळल्या पाहिजेत. पहिली ओळ जिथे फुटते तिथे थांबा आणि तिचं कारण शोधा. त्यापुढच्या ओळी एरवीही जुळणार नाहीत.